30 झाले की सगळंच नॉर्मल? नाही!

«सेंट्रल लिमिट थिअरम एका ओळीत: नमुना 30 च्या वर गेला की कोणताही डेटा नॉर्मल होतो. हिस्टोग्राम काढू नका, आउटलायरची चिंता सोडा, बिनधास्त झेड टेस्ट लावा. जास्तीत जास्त विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवा.»

जास्तीत जास्त विद्यार्थ्यांपर्यंत हा मेसेज पोहोचलाच आहे. माझी भाची संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. तिने तो मला पाठवून विचारलं, "मावशी, एवढंच लक्षात ठेवलं तर चालेल ना?" चालणार नाही. का चालणार नाही ते तिला सविस्तर लिहिलं, तेच इथे देते.

पहिली चूक अगदी मुळातली आहे. डेटा नॉर्मल होत नाही, कधीच होत नाही. एक फासा 30 वेळा टाका आणि आलेल्या आकड्यांचा हिस्टोग्राम काढा. 1 ते 6 सगळे आकडे साधारण सारखेच येतील, थोडे वरखाली. आता तो 3000 वेळा टाका. प्रत्येक आकडा पाचशेच्या आसपास येईल आणि हिस्टोग्राम आधीपेक्षाही सपाट दिसेल. नमुना जितका मोठा, तितका तो मूळ वितरणासारखा दिसतो. मूळ वितरण सपाट असेल तर डेटाही सपाटच दिसणार.

मग नॉर्मल काय होतं? नमुन्याची सरासरी. आणि तीही एक सरासरी नव्हे, कारण एका आकड्याला आकार नसतो. तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला, दर वेळी नवा नमुना घेतला आणि दर वेळी सरासरी काढली, तर त्या सगळ्या सरासऱ्या मिळून जे वितरण बनतं त्याबद्दल हे प्रमेय बोलतं. घंटेचा आकार येतो तो तिथे.

तो का येतो, हे तीन फाशांवर हातानेच मोजता येतं. एकूण शक्यता 6×6×6, म्हणजे 216. सरासरी 1 यायची तर तिन्ही फाशांवर 1 हवा, म्हणजे एकच मार्ग. बेरीज 4 यायची तर तीन मार्ग, 5 यायची तर सहा. बेरीज 10 मात्र 27 मार्गांनी येते, 11 सुद्धा 27 मार्गांनी. टोकाची सरासरी हवी असेल तर सगळ्या फाशांनी एकाच बाजूला जावं लागतं. मधली सरासरी मात्र एक फासा मोठा आणि दुसरा लहान अशा असंख्य जोड्यांतून तयार होते. एकेक फासा सपाटच आहे, पण बेरजेपर्यंत पोहोचण्याचे मार्ग मध्यभागी दाटतात. फासे वाढवत गेलात की हा दाटपणा घंटेच्या वक्राकडे सरकतो, आणि त्याची रुंदी σ/√n ने ठरते. n म्हणजे फाशांची संख्या आणि σ म्हणजे एका फाशाचं प्रमाण विचलन, आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप. ते सुमारे 1.71 आहे. 30 फाशांच्या सरासरीचं ते 0.31 वर येतं.

आता त्या 30 कडे वळते, कारण खरं नुकसान तिथे होतं.

यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. मूळ वितरण फाशासारखं दोन्ही बाजूंना सारखं असेल, तर 30 काय, पाच-सहा निरीक्षणांची सरासरीही बऱ्यापैकी नॉर्मल दिसते. नमुना लहान असताना झेडऐवजी वापरायच्या टी-तक्त्यातही 30 च्या ओळीत 2.042 आहे आणि अनंताच्या ओळीत 1.960, म्हणजे फरक थोडाच. पण तो तक्ता मूळ डेटा नॉर्मल आहे हे धरूनच बनवलेला आहे. डेटा वेडावाकडा असला तर काय, याचं उत्तर त्यात नाही.

"कोणताही डेटा" म्हटलंय ना, मग हा घ्या. एखादा दोष शंभरात एका वस्तूत असतो. दोष असेल तर 1 लिहायचा, नसेल तर 0. तीस वस्तू तपासल्या. तिसांपैकी एकीतही दोष न सापडण्याची शक्यता 0.99³⁰, म्हणजे सुमारे 0.74. चारांपैकी जवळपास तीन नमुन्यांत सरासरी नेमकी शून्य येणार! सगळ्या सरासऱ्यांचा हिस्टोग्राम काढलात तर शून्यावर एक उंच खांब दिसेल आणि उजवीकडे दोन-तीन बुटके खांब. त्यात घंटा कुठेच नाही. स्वतः चालवून पाहा:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng()
m = rng.binomial(1, 0.01, size=(10000, 30)).mean(axis=1)
print((m == 0).mean())
```

उत्तर 0.74 च्या आसपास येईल. आता त्या मेसेजप्रमाणे बिनधास्त सूत्र लावा. सगळे शून्य असलेल्या नमुन्याचं प्रमाण विचलनही शून्य येतं, त्यामुळे खरं प्रमाण ज्या पट्ट्यात असावं तो 95 टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल 0 ते 0 निघतो. म्हणजे दोष नाहीच, आणि त्याबद्दल पूर्ण खात्री! 95 टक्के वेळा बरोबर येण्याचं आश्वासन देणारी पद्धत इथे 74 टक्के वेळा चुकते. दोषाच्या जागी औषधाचा दुष्परिणाम ठेवून पाहा, म्हणजे मी का चिडले ते कळेल.

मग किती निरीक्षणं पुरतात? याचं नेमकं उत्तर बेरी (1941) आणि एसीन (1942) यांच्या प्रमेयात आहे. सरासरीचं वितरण नॉर्मलपासून जास्तीत जास्त किती दूर असू शकतं, याची मर्यादा ते देतं. ती मर्यादा ρ/(σ³√n) च्या प्रमाणात असते. ρ म्हणजे मध्यापासूनच्या अंतराच्या घनाची सरासरी. वितरण जितकं एकीकडे झुकलेलं, तितकं ρ/σ³ मोठं. फाशासाठी ते 1.28 येतं, आपल्या शंभरात एक दोषासाठी 9.85. जवळपास पावणेआठ पट! n वर्गमुळाखाली असल्यामुळे फाशाइतकीच हमी हवी असेल तर नमुना सुमारे साठ पट लागतो. फाशाचे 30, तर इथे जवळजवळ 1800. 30 हा आकडा या सूत्रात कुठेही नाही. किती n पुरे, हे मूळ वितरणच ठरवतं.

आउटलायरबद्दल फार लिहीत नाही. 50 च्या आसपासच्या तीस नोंदींत एक चुकून 5000 टाइप झाली, तर सरासरी 215 होते. कोणतंही प्रमेय ती दुरुस्त करत नाही. शिवाय प्रमेयाला σ² सांत लागतो आणि निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र लागतात. कोशी वितरणात σ² सांत नसतो, तिथे दहा लाख निरीक्षणांची सरासरीसुद्धा एका निरीक्षणाइतकीच भरकटते.

आणि हिस्टोग्राम काढायचाच. सरासरीचं वितरण आपल्याला दिसत नाही, हातात एकच नमुना असतो. झुकाव किती आहे याचा अंदाज त्यातूनच येतो. शंका वाटली तर त्याच नमुन्यातून परत ठेवत ठेवत तेवढीच निरीक्षणं पुन्हा पुन्हा उचला, दर वेळी सरासरी काढा आणि तिचा आकार बघा. याला बूटस्ट्रॅप म्हणतात. पण तिसही शून्य असतील तर बूटस्ट्रॅपही शून्यच देणार. तिथे नॉर्मल सोडून सरळ द्विपद वितरणाकडे जायचं: दोषाचं प्रमाण p असेल तर सगळे शून्य येण्याची शक्यता (1−p)³⁰, आणि ती 0.05 पर्यंत खाली यायला p सुमारे 0.095 लागतो. म्हणजे तीस वस्तूंत एकही दोष सापडला नाही, तरी खरं प्रमाण साडेनऊ टक्क्यांपर्यंत असू शकतं.