‘वर्तमानपूर्व’ तसंच का ठेवलं?

*“ताई, ‘वर्तमानपूर्व 3000 ± 100’ हे वाचकाला काय कळणार? सरळ ‘तीन हजार वर्षांपूर्वी’ लिहा की. आणि ‘लेप’ कशाला? झिलई म्हणा. अनुवाद बोजड झालाय.”*

उत्खनन अहवालाच्या माझ्या अनुवादावरचं तुमचं हे पत्र मिळालं. ‘वर्तमानपूर्व’ हा शब्द पहिल्यांदा आला तिथेच तळटीप द्यायला हवी होती. ती राहिली, ही चूक माझीच. पुढच्या अंकात शुद्धिपत्र देते. आकडा मात्र बदलणार नाही.

यातलं ‘वर्तमान’ म्हणजे आजचा दिवस नव्हे, तर 1950 साल. तुम्ही म्हणता तसं लिहिलं, तर वाचक आजपासून मागे मोजेल आणि इ.स.पू. 975च्या आसपास पोचेल. 1950 पासून मोजलं तर इ.स.पू. 1050 येतं. तेही खरं कॅलेंडर वर्ष नाही, कारण हा आकडा अवशेषांत उरलेल्या किरणोत्सारी कार्बन-14वरून काढतात, आणि हवेतलं त्याचं प्रमाण कायम सारखं नव्हतं. झाडांच्या वर्षवलयांवरून ही तफावत दुरुस्त केली, की 3000चा आकडा इ.स.पू. 1250च्या आगेमागे जातो. हा अहवाल जोर्वे काळातल्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगाच्या एका टप्प्यातल्या वस्तीचा आहे. इनामगावच्या उत्खननातून ठरलेल्या कालक्रमात पूर्व जोर्वे इ.स.पू. 1400 ते 1000 आणि उत्तर जोर्वे त्यानंतर 700 पर्यंत. म्हणजे माझ्या एका ‘सोप्या’ वाक्याने तो थर एका कालखंडातून उचलून दुसऱ्यात टाकला असता.

± 100 सुद्धा काढता येत नाही. खरं मोजमाप त्या दोनशे वर्षांच्या पट्ट्यात असण्याची शक्यता साधारण तीनात दोन, एवढंच प्रयोगशाळा सांगते. शिवाय जुन्या अहवालांत कार्बनचं अर्धायुष्य 5568 वर्षं धरलं की 5730, हे पाहावं लागतं. फरक तीन टक्क्यांचा, पण इथे तो नव्वद वर्षांचा होतो. म्हणून मूळ आकडा जसाच्या तसा, आणि कॅलेंडर वर्षं तळटिपेत, दुरुस्त केल्याची नोंद करून.

आता ‘लेप’. भांडं भट्टीत घालण्याआधी त्यावर पातळ कालवलेल्या मातीचा हात देतात, तो लेप. जोर्वे भांड्यांचा लाल पृष्ठभाग त्याचाच, आणि त्यावर काळ्या रंगात नक्षी. झिलई म्हणजे काचेसारखा वितळलेला थर. महाराष्ट्रातल्या उत्खननात झिलईचं खापर निघालं, की जाणकार ते बहुधा मध्ययुगातलं धरतो. मी ‘झिलई’ लिहिलं असतं, तर त्याला वाटलं असतं की वरच्या थरातलं खापर खाली मिसळलंय, आणि त्याचा सगळ्या थरावरचाच विश्वास उडाला असता.

हीच अडचण ‘काठाचा व्यास 18 सेमी’ या नोंदीत होती. हातात असतो चार बोटांएवढा तुकडा. त्याचा काठ समकेंद्री वर्तुळांच्या तक्त्यावर टेकवून अख्ख्या भांड्याचं तोंड केवढं असेल ते काढतात. पहिल्या खर्ड्यात मीही ‘18 सेमी व्यासाचं खापर’ लिहून बसले होते. सोबतचं रेखाचित्र पाहिलं तेव्हा लक्षात आलं. म्हणून ‘मूळ भांड्याच्या काठाचा अंदाजे व्यास’ असं लांबलचक लिहिलं. याहून आटोपशीर मराठी सुचलं तर जरूर कळवा, पण त्यातला ‘अंदाजे’ गाळू नका.