पुतणीच्या पोस्टरचा फोटो आणि झूम न करण्याविषयी

माझी पुतणी आठवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने नागपुरातल्या नाग नदीवर एक पोस्टर केले आणि त्याचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकून अभिप्राय मागितला. सर्वांनी तो बोटांनी मोठा करून वाचला आणि अक्षर सुरेख असल्याचे लिहिले. अक्षर सुरेख आहेच. माझा आक्षेप फोटो मोठा करून वाचण्याला आहे, कारण पोस्टरचा नेमका जो दोष पाहायचा असतो तो झूम करताच नाहीसा होतो. नागपुरात छपाईच्या मांडणीचे काम करताना मी फलक आधी लांबूनच पाहतो. ती परीक्षा घरी फोनवरही घेता येते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हिशोब साधा आहे. पूर्ण कार्डशीट २२ इंच रुंद आणि २८ इंच उंच, म्हणजे सुमारे ५६ गुणिले ७१ सेंटिमीटर असते. उभ्या धरलेल्या फोनवर पूर्ण पोस्टर दिसते तेव्हा त्याची रुंदी साधारण ६ सेंटिमीटर भरते, म्हणजे मूळ कागदाच्या नवव्या हिश्श्याहून थोडी कमी. असा फोन डोळ्यांपासून ३२ सेंटिमीटरवर धरला, तर त्यातले पोस्टर आपल्याला जवळजवळ तीन मीटरवरून पाहिल्याइतकेच मोठे दिसते. प्रदर्शनाच्या दालनात दारातून आत येणारा माणूस साधारण इतक्याच अंतरावरून ठरवतो की या टेबलापाशी थांबायचे की पुढे जायचे. त्यामुळे झूम न करता जे वाचता आले तेच त्या माणसाला वाचता येणार आहे.

या परीक्षेत पुतणीच्या पोस्टरवरचे फक्त शीर्षक टिकले, तेही निम्मे. ‘नाग नदीचे प्रदूषण : कारणे, परिणाम व उपाय’ हे शीर्षक तिने कमानीत लिहिले होते, प्रत्येक अक्षराला वेगळा रंग दिला होता आणि मागे सावली काढली होती. देवनागरीचा शब्द लांबून ओळखू येतो तो पुष्कळ अंशी शिरोरेषेमुळे. कमानीत ती रेषा तुटते आणि रंग बदलला की शब्दाऐवजी सुटी अक्षरे दिसू लागतात. त्यातच ‘नदीचे’ पिवळ्या स्केचपेनने लिहिले होते आणि पांढऱ्या कागदावरचा पिवळा रंग लांबून जवळजवळ दिसतच नाही. फोनमधल्या संपादनात फोटो कृष्णधवल करून पाहिला की हे लगेच कळते: त्यात जो शब्द फिका पडतो तो दालनातही फिकाच पडणार. मी तसे केले तेव्हा ‘नाग’ आणि ‘प्रदूषण’ उरले.

शीर्षकाच्या शब्दांविषयीही मला म्हणायचे आहे. ‘कारणे, परिणाम व उपाय’ हे शब्द कोणत्याही प्रदूषणाच्या पोस्टरला चालतात आणि तिने प्रत्यक्ष जे केले ते त्यात कुठेच येत नाही. तिने अंबाझरी तलावाच्या सांडव्याखालचे आणि शहराच्या पूर्वेकडच्या पारडीजवळचे पाणी सारख्या दोन बाटल्यांत भरून शेजारी ठेवले होते. मी तिला ‘नाग नदी कुठे नासते?’ असे शीर्षक सुचवले. ते आखूड असल्यामुळे अक्षरे मोठी काढता येतात आणि प्रश्नाचे उत्तर त्या दोन बाटल्या देतात. पण त्याच बाटल्यांचे छायाचित्र तिने उजव्या कोपऱ्यात काडेपेटीएवढे चिकटवले होते. कागदाचा मधला भाग ‘प्रस्तावना’ आणि ‘उद्दिष्टे’ यांनी अडवला होता.

अक्षरे किती मोठी असावीत, याचा फलक रंगवणाऱ्यांकडे चालणारा अंदाज म्हणजे दर दहा फुटांमागे एक इंच. मीटरमध्ये सांगायचे तर सहा मीटरवरून वाचायच्या शीर्षकाला पाच सेंटिमीटर, तीन मीटरवरच्या उपशीर्षकाला अडीच आणि सव्वा मीटरवर उभे राहून वाचायच्या मजकुराला एक सेंटिमीटर उंची लागते. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची. वेलांटी, रफार आणि उकार यांची जागा वेगळी. म्हणूनच एक सेंटिमीटरच्या अक्षरांसाठी ओळींमधले अंतर दोन सेंटिमीटर धरावे लागते, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. इंग्रजी पोस्टर पाहून आखलेल्या ओळी मराठीत दाटतात त्या यामुळेच.

पुतणीचा मजकूर पाच मिलिमीटर उंचीचा आणि सुमारे साडेतीनशे शब्दांचा होता. तीन मीटरवरून चांगल्या नजरेला ओळखू येणारे लहानात लहान अक्षर साधारण साडेचार मिलिमीटरचे असते. डोळ्यांच्या तपासणीच्या तक्त्यावरून हेच प्रमाण निघते. म्हणजे तिचा मजकूर अगदी काठावर होता आणि ‘प्रक्रिया’, ‘शुद्धीकरण’ यांतली जोडाक्षरे त्या काठापलीकडे गेली होती. अक्षर एक सेंटिमीटरचे केले, तर बारा सेंटिमीटरची शीर्षकपट्टी आणि बाटल्यांचे मोठे छायाचित्र सोडून उरलेल्या जागेत दोन रकान्यांत मिळून पंचवीसेक ओळी बसतात, ओळीत चार-पाच शब्द. एकूण झाले सुमारे सव्वाशे शब्द. तेव्हा दोनशेहून अधिक शब्द काढावेच लागतील आणि अक्षर बारीक करून ते वाचवण्याचा मार्ग नाही.

यावर वहिनींचे म्हणणे असे की संपूर्ण माहिती नसेल तर गुण कापले जातात. ते खरेही असेल. पण संपूर्ण माहितीची जागा टेबलावर ठेवलेल्या प्रकल्पवहीत आहे. परीक्षक ती हातात घेऊन वाचतात. पोस्टरवर बाटल्यांचे छायाचित्र मध्यभागी किमान पंचवीस सेंटिमीटर रुंद असावे, त्याखाली दोन्ही ठिकाणांची नावे उपशीर्षकाच्या मापात लिहावीत आणि दोन्ही बाजूंना मजकुराचा एकेक अरुंद रकाना द्यावा. ‘प्रस्तावना’ऐवजी ‘पाणी कुठून घेतले’ आणि ‘निष्कर्ष’ऐवजी ‘पारडीजवळचे पाणी अधिक गढूळ’ असे लिहिले, तर नुसती उपशीर्षके वाचणाऱ्यालाही काम समजेल. चमकीची वेलबुट्टीदार किनार चारही बाजूंनी चार सेंटिमीटर जागा खाते. ती मी काढून टाकायला सांगितली आणि त्यावर थोडी नाराजीही झाली.

तळाचे वीस सेंटिमीटर मात्र जवळजवळ रिकामे ठेवावेत. पोस्टर भिंतीवर टेबलामागे लागते आणि टेबलावर मॉडेल येते. पुतणीचा निष्कर्ष नेमका तिथे होता, म्हणजे थर्माकोलच्या पुलामागे. वरचा हिशोब मी ही जागा वगळूनच केला आहे, म्हणून शब्द इतके कमी निघतात.

फोटोच्याही काही मर्यादा आहेत. तिने कागद जमिनीवर ठेवून पायथ्याशी उभे राहून फोटो काढला, त्यामुळे वरची बाजू निमुळती आली आणि शीर्षक प्रत्यक्षाहून लहान दिसले. म्हणून अक्षरांची उंची मी तिला पट्टीने मोजून पाठवायला लावली. शिवाय व्हॉट्सॲप साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान करते, त्यामुळे झूम केल्यावर दिसणारा पुसटपणा पोस्टरचा आहे की फोटोचा हे सांगता येत नाही. नव्या पोस्टरचा फोटो कागद भिंतीला लावून, फोन कागदाच्या मध्यासमोर धरून काढायचा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, असे ठरले आहे. अक्षरे पेन्सिलने आखून झाली की रंग भरण्याआधीच तो मागवला आहे, कारण स्केचपेन फिरल्यावर दोन सेंटिमीटरची ओळ हलवता येत नाही.