हल्लेखोर कोणत्या पानावर राहतो?

कम्प्युटर सिक्युरिटीच्या क्षेत्रात नव्याने शिरलेला एम.टेक.चा विद्यार्थी लांबूनच ओळखू येतो. त्याच्या एका हातात रिसर्च पेपरची प्रिंट असते आणि दुसऱ्या हातात पिवळा हायलायटर. पेपर दोन कॉलमांत, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलेला असतो. नुसता मजकूरच तेरा पानं, कारण युसेनिक्स सिक्युरिटीसारख्या परिषदेत तेवढी मर्यादा असते आणि लेखक ती शेवटच्या ओळीपर्यंत वसूल करतात. संदर्भ आणि पुरवण्या वेगळ्या. विद्यार्थी पहिल्या शब्दापासून सुरुवात करतो. सगळंच महत्त्वाचं वाटत असल्यामुळे दुसरं पान संपेपर्यंत कागदाला कावीळ झालेली असते. पाचव्या पानावर सिग्माचं चिन्ह भेटतं, सातव्या पानावर झोप.

दोष वाचणाऱ्याचा नाही, दिशेचा आहे. पेपर रहस्यकथेसारखा सुरुवातीपासून वाचायचा नसतो. खुनी कोण हे आधी बघायचं आणि मग पुरावा तपासायचा. यात मला काहीच अनैतिक वाटत नाही.

एस. केशव यांनी २००७ साली एका छोट्याशा टिपणात तीन फेऱ्यांची पद्धत सांगितली होती. पहिली फेरी पाच-दहा मिनिटांची, दुसरी तासाभराची आणि तिसरी, म्हणजे पेपर पुन्हा मनात बांधून बघायची, नवख्याला चार-पाच तास घेणारी. पद्धत कुठल्याही विषयाला चालते. पण सिक्युरिटीच्या पेपरमध्ये एक पात्र असं असतं, जे इतर विषयांत नसतं, ते म्हणजे हल्लेखोर. तो कोण आहे, त्याला काय येतं आणि काय येत नाही, हे ‘थ्रेट मॉडेल’ नावाच्या भागात लिहिलेलं असतं. म्हणून माझी पहिली फेरी अ‍ॅबस्ट्रॅक्ट संपलं की थेट तिथे उडी मारते. हा भाग बहुधा तिसऱ्या-चौथ्या पानावर, अर्ध्या कॉलमात, अंग चोरून बसलेला सापडतो. स्वतंत्र मथळा नसेल तर पीडीएफमध्ये assume आणि out of scope हे शब्द शोधावेत. लेखकांनी जे जे अवघड होतं ते तिथेच गुंडाळून ठेवलेलं असतं.

एक पेपर घेऊन बघू. पेपर काल्पनिक आहे, पण त्याची भावंडं खूप आहेत. लेखकांनी आपल्या यंत्रणेला पक्ष्याचं नाव दिलंय, समजा ‘गरुड’. मालवेअर घुसलेलं मशीन आपल्या मालकाशी नेटवर्कवरून गुपचूप बोलत असतं. ते बोलणं गरुड पकडतो. पॅकेट उघडून बघत नाही. पॅकेटचा आकार आणि दोन पॅकेटांमधलं अंतर, एवढ्यावरूनच सांगतो. अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या शेवटच्या वाक्यात विजयपताका: ९९ टक्के हल्ले पकडले, फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे चांगल्यावर उगाच घेतलेला आळ, फक्त १ टक्का.

आता थ्रेट मॉडेल. तिथे एक सालस वाक्य आहे: हल्लेखोराला गरुडाची माहिती नाही, असं आम्ही गृहीत धरतो. म्हणजे चोराला कुलूप आहे हेच ठाऊक नाही. इथे पेन्सिल खाली ठेवून एकच प्रश्न विचारायचा: ठाऊक झालं तर त्याला किती कष्ट पडतील? गरुड दोन पॅकेटांमधलं अंतर बघतो. मालवेअर लिहिणाऱ्याला ते बदलायला एक ओळ पुरते:

```python
time.sleep(random.uniform(5, 600))
```

या एका ओळीपुढे गरुड टिकतो का, हे इव्हॅल्युएशनमध्ये तपासलेलं असेल तर पेपर पुढे वाचण्यासारखा आहे. तपासलेलं नसेल, तर गृहीतक हीच खरी यंत्रणा आहे आणि गरुड नुसता शोभेला. यामुळे पेपर रद्दीत जातो असं मात्र नाही. जुनं, सरसकट पसरलेलं आणि कुणीही न बदललेलं मालवेअर पकडायला तो उपयोगी असू शकतो. फक्त त्याचा दावा तेवढ्याच मापाचा आहे, हे समासात लिहून ठेवायचं.

इथवर दहा मिनिटं झाली. दुसऱ्या फेरीत मधली पद्धतीची पानं ओलांडून मी इव्हॅल्युएशनच्या टेबलाकडे जातो. मधल्या पानांत खोकी आणि बाण असलेली एक आकृती असते, तेवढी बघून घ्यावी. टेबलात लेखकांचा आकडा ठळक टाइपात असतो आणि बाकीच्यांचे बिचारे सडपातळ. ठळक आकड्याकडे लगेच बघायचं नाही. आधी बघायचं की चाचणीत चांगलं किती होतं आणि वाईट किती. गरुडाने ५,००० चांगली आणि ५,००० वाईट कनेक्शन्स घेतली. त्यातली ४,९५० वाईट पकडली आणि ५० चांगल्यांवर उगाच आळ घेतला. म्हणजे गरुड ओरडला की शंभरात ९९ वेळा खरंच काहीतरी असतं. वाचणाऱ्याचा हात आपोआप हायलायटरकडे जातो.

जाऊ देऊ नये. खऱ्या नेटवर्कवर निम्मी कनेक्शन्स हल्ल्याची असती, तर पेपर वाचायला कुणी जागेवर उरलंच नसतं. समजा, एका मोठ्या संस्थेत दिवसाला दहा लाख कनेक्शन्स होतात आणि त्यातली २० वाईट आहेत. गरुड ९९ टक्के पकडतो, म्हणजे २० च्या २० धरू. उरलेल्या चांगल्या कनेक्शन्सचा १ टक्का म्हणजे जवळजवळ १०,०००. आता तोच गरुड दिवसाला दहा हजार वीस वेळा ओरडतो आणि त्यातलं वीस वेळा खरं असतं. पाचशेत एक. प्रत्येक इशारा तपासायला पाच मिनिटं धरली तर पन्नास हजार मिनिटं होतात, म्हणजे आठ तासांच्या पाळीने शंभरावर माणसं. ती दिवसभर गरुडाचं ऐकणार आणि दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज बंद करणार.

यात लेखकांनी खोटं काहीच सांगितलेलं नाही, हीच यातली गंमत. ९९ आणि १ हे दोन्ही आकडे जसेच्या तसे खरे आहेत. बदललं फक्त वाइटाचं प्रमाण. स्टेफान अ‍ॅक्सेलसन यांनी १९९९ साली हेच गणित मांडून दाखवलं होतं की घुसखोरी पकडणाऱ्या यंत्रणेची खरी मर्यादा पकडण्याच्या टक्क्यात नसून खोट्या इशाऱ्यांच्या टक्क्यात आहे. आपल्या उदाहरणात निम्मे इशारे तरी खरे निघावेत असं वाटत असेल, तर खोटे इशारे दिवसाला वीसच परवडतात. म्हणजे पन्नास हजारांत एक. गरुडाला १ टक्क्यावरून ०.००२ टक्क्यावर यावं लागेल. टेबलात फॉल्स पॉझिटिव्ह दशांश चिन्हाच्या आसपासच घुटमळत असेल, तर हे गणित पेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर करून बघावं. दोन मिनिटं लागतात आणि पुढचे दोन तास वाचतात.

मग तिसरी शंका, आणि माझ्या मते सगळ्यात रंजक: वाईट आणि चांगलं आलं कुठून? गरुडाच्या लेखकांनी मालवेअर प्रयोगशाळेत चालवून वाईट कनेक्शन्स गोळा केली आणि चांगली विद्यापीठाच्या नेटवर्कवरून घेतली. दोन्ही ढिगांत मालवेअर सोडूनही भरपूर फरक असणार. मशीन लर्निंगचं मॉडेल म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीचा विद्यार्थी. त्याला विषय समजून घ्यायचा नसतो, पेपर सोडवायचा असतो. दोन ढीग वेगळे करणारी सर्वांत सोपी खूण तो शोधतो. ती खूण कधी मालवेअरची असते, कधी प्रयोगशाळेची.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण डार्पा या अमेरिकी संरक्षण-संशोधन संस्थेच्या १९९९ सालच्या डेटासेटमधलं. घुसखोरी ओळखण्याच्या संशोधनात तो वर्षानुवर्षं वापरला गेला. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा एक आकडा असतो. पॅकेट एकेक राउटर ओलांडतं तसा तो एकाने कमी होतो, म्हणजे पॅकेट किती टप्पे चालून आलं याचा साधारण अंदाज. माहोनी आणि चॅन यांनी २००३ मध्ये हा डेटासेट उलगडून बघितला. नेहमीच्या बहुतेक पॅकेटांवर हा आकडा १२७ किंवा २५४ होता. १२६ आणि २५३ मात्र फक्त हल्ल्याच्या पॅकेटांवर. वेगवेगळ्या तऱ्हेच्या कितीतरी हल्ल्यांच्या अंगावर एक आकडा कमी. बऱ्याच चोरांनी एकाच दुकानातून बूट घ्यावेत तसं. हल्ल्याचा ओ की ठो न कळणारी यंत्रणा नुसता हा आकडा बघून पाठ थोपटून घेऊ शकली असती.

म्हणून गरुड वाचताना विचारायचं: दोन्ही ढीग एकाच नेटवर्कवरचे आहेत का? एकाच काळातले आहेत का? आणि शिकवण्याचे नमुने चाचणीच्या नमुन्यांच्या आधीचे आहेत का? सगळा डेटा पत्त्यांसारखा पिसून वाटला असेल, तर मार्चमधला हल्ला ओळखायला गरुड पुढच्या नोव्हेंबरमधले हल्ले पाठ करून बसलेला असतो. असं भविष्य आधी वाचायला मिळालं तर आपणही हुशार ठरू. उत्तरं डेटासेटच्या परिच्छेदात असतात. तिथे randomly split असं दिसलं आणि तारखा कुठेच नसल्या, तर कान टवकारावेत. २०२२ मध्ये आर्प आणि सहकाऱ्यांनी मोठ्या परिषदांमधले ३० पेपर अशाच खोडींसाठी तपासले. प्रत्येकात किमान तीन सापडल्या. तेव्हा आपल्या हातातला पेपर अपवाद निघेल या आशेवर फार विसंबू नये, आणि खोड सापडली म्हणून लेखकांना नालायकही ठरवू नये.

तिसरी फेरी क्वचितच लागते. ज्या पेपरवर आपलं स्वतःचं काम उभं राहणार आहे, त्याच्याचसाठी. त्याच्या पहिल्या पानावर आर्टिफॅक्टचे बिल्ले आहेत का ते बघावं. नुसतं ‘उपलब्ध’ म्हणजे कोड कुठेतरी ठेवलाय, एवढंच. ‘रिप्रोड्यूस्ड’ म्हणजे बाहेरच्या माणसांनी तो चालवून मुख्य निकाल काढून बघितलाय. चार-पाच तास खर्च करायचे तर दुसऱ्या प्रकारच्या पेपरवर करावेत.

आणि हायलायटरच्या जागी पाच ओळींचं टिपण. पाचच, कारण सहावी ओळ लिहायची मुभा मिळाली की माणूस अ‍ॅबस्ट्रॅक्ट उतरवून काढतो. गरुडाचं असं होईल:

हल्लेखोर: बाहेरचा, गरुडाबद्दल अनभिज्ञ.
दावा: पॅकेट न उघडता मालवेअरचं बोलणं ओळखतो.
डेटा: वाईट प्रयोगशाळेतलं, चांगलं विद्यापीठाचं, पिसून वाटलेलं.
आकडा: ९९ आणि १, पण निम्मं-निम्मं असताना. दहा लाखांत वीस धरले तर पाचशे इशाऱ्यांत एक खरा.
शंका: टीटीएलसारखी प्रयोगशाळेचीच खूण तर पकडली नाही ना?