बाबाचे 25 जीबी अन् माझं बीएस्सी

मी मॅथ्सचा बीएस्सी आहो हे गावात सगळ्यायले माहीत आहे. त्यामुळं सोसायटीच्या कर्जाचं व्याज काढणं, कापूस वेचणीच्या बायांचा किलोवर हिशोब करणं, असली कामं आपोआप माझ्याकडं येतात, अन् मी ती ऐटीत करतो. ती ऐट आमच्या बाबानं मागच्या रब्बीत एका प्रश्नात उतरवली.

झालं असं की बाबाचा रोजचा 1 जीबीवाला पॅक संपला आणि ते बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेले असताना रिचार्जवाल्या पोट्ट्यानं "काका, हा घ्या, 25 जीबी आहे, रोजची कटकटच नाई" म्हणून दुसराच मारून दिला. बाबा घरी आले, टोपी खुंटीला लावली अन् म्हणाले, "महिन्याचे 25 जीबी, तं रोजचे एमबी किती?"

मी म्हटलं, हे तं चुटकीसरशी. 25 हजार भागिले 30, म्हणजे 833.

"तुले कोणं सांगतलं महिना 30 चा म्हणून?" बाबा म्हणे. "हा 28 चा आहे."

खरं होतं. मोबाईलवाल्यांचा महिना ना चांद्रमास ना सौरमास, तो सरळ 4 आठवड्यांचा, आणि म्हणूनच वर्षात 12 नाई तर 13 रिचार्ज लागतात. 2022 मध्ये ट्रायनं किमान एक तरी पॅक 30 दिवसांचा ठेवा असं कंपन्यांना सांगितलं, पण आमच्या पोट्ट्याच्या बोटाला 28 ची सवय. मंग मी 28 नं भागलं, 893 आले. तेवढ्यात अकरावीतला पुतण्या चुलीपाशी बसून म्हणाला, "काका, 1 जीबी म्हणजे 1024 एमबी, आम्हाला तसंच शिकवलं." पुन्हा भागलं. 25 गुणिले 1024 म्हणजे 25600, भागिले 28 म्हणजे 914. आता एकाच पॅकचे तीन उत्तरं झाले आणि तिन्ही बीएस्सीवाल्याचे. दोन्ही मोजमापं चालतात बरं का, कुठं हजाराचं कुठं 1024 चं, पण हे आईला कोण समजावणार, ती म्हणे याच्या फीचे पैसे दुसऱ्या पोराले दिले असते.

मला वाटलं बाबा 1024 वर अडतील. अडले नाईत. "40 शेराचा मण, 20 मणाची खंडी, आमी आयुष्यभर मोजले, तं 1024 चं काय नवल हाय?" इथपर्यंत ठीक. मंग त्यांनी कागद हातात घेतला, 914 वर बोट ठेवलं अन् म्हणाले, "पण रोज 914 मी कायले वापरीन?"

आता इथं आमच्याकडच्या लाईनीचं सांगावं लागते. शेतीची लाईन आमच्या फिडरला आठवड्यातून 4 दिवस दिवसा आणि 3 दिवस राती, म्हणजे रातच्या 10 पासून सकाळच्या 6 पर्यंत. हरभऱ्याले, गव्हाले पाणी द्यायचं तं रातीच जागावं लागते, थंडी मरणाची, अन् डुकरं येतात ते वेगळंच. तिथं बाबाला झोप लागू नये म्हणून मोबाईलवर कीर्तन. दिवसाच्या लाईनीत मोबाईल खिशात, फार तं सकाळचे गुड मॉर्निंग अन् बाजारभाव.

आणि जुन्या रोजच्या 1 जीबीत एक गंमत होती जी बाबाला कळली होती आणि मला नाई. तो कोटा रातच्या 12 ला नवीन होते. म्हणजे 10 ते 12 आजचा जीबी, 12 वाजले की उद्याचा जीबी, एका रातीत दोन दिवसांचा माल. आजचा आधीच संपला तं स्पीड 64 केबीपीएस व्हायचा, हे केबी म्हणजे किलोबिट बरं, 8 नं भागलं तं सेकंदाला जेमतेम 8 किलोबाईट, एक एमबीचा फोटो उघडायला दोन मिनिटं. महाराज तोंड उघडं ठेवून 12 वाजेपर्यंत तसेच थांबायचे अन् ठोक्याला "पांडुरंग" म्हणून पुढं सुरू व्हायचे. उलट दिवसाच्या लाईनीच्या दिवशी अडीचशे एमबी खर्च, उरलेले 774 एमबी रातीच्या 12 ला वाहून जायचे. असे 16 दिवस. साधारण 12 जीबी दर महिन्याला मोटार बंद न करता नालीत सोडल्यासारखे.

तं नव्या पॅकमध्ये वाहून काई जात नाई, सगळं एकाच टाकीत. म्हणून सरासरी काढून उपयोग नव्हता, पाळीनुसार वाटणी पाहिजे होती. दिवसाचे 16 दिवस गुणिले 250, झाले 4000. 25600 मधून गेले, उरले 21600. राती 12. एका रातीला 1800 एमबी. बाबाच्या मोबाईलवर मी आदल्या दिवशीच पाहून ठेवलं होतं, अर्धा तास कीर्तनाला 250 एमबी जातात, म्हणजे 1800 मध्ये साडेतीन तास अन् वर पाच-सहा मिनिटं. बाबा खूश. मी त्याहून खूश, बीएस्सी वाचलं.

पहिल्याच राती 2 वाजता फोन. अर्धा पॅक संपल्याचा मेसेज आला म्हणे. एका रातीत साडेबारा जीबी कसे जातील? मी स्वेटर घालून वावरात गेलो, सेटिंगमध्ये डेटा युसेज उघडलं. कीर्तन साडेतीन तासांत 5 जीबीच्या वर गेलं होतं, आणि बाकीचं एका भाच्यानं लग्नाचे व्हिडीओ पाठवले होते ते ऑटो डाऊनलोड, शिवाय गावभरच्या ॲपचे अपडेट, हे सगळं रातीच सुचलं त्यायले.

ऑटो डाऊनलोड अन् अपडेट वायफायवर टाकून दिले, ते सोपं. कीर्तनानं मात्र डोकं खाल्लं. तेच महाराज, तोच व्हिडीओ, आदल्या दिवशी अर्ध्या तासाला 250 अन् राती तिप्पट कसा? मंग दिसलं, क्वालिटी ऑटोवर होती. मी मोजलं होतं संध्याकाळी 7 ला, तेव्हा सगळं गाव टॉवरवर लोंबकळलेलं असते, नेट रडत चालते, म्हणून व्हिडीओ आपला धुकट येते आणि कमी खाते. रातच्या 1 वाजता टॉवरवर बाबा एकटेच. नेट मोकळं, तं व्हिडीओनं आपणहून क्वालिटी वाढवली, इतकी की महाराजांच्या पगडीची वीण मोजता यावी. अन् बाबा त्या वेळी मोबाईल धुऱ्यावर पालथा ठेवून नुसतं ऐकत होते!

मी क्वालिटी 144 वर नेली. बाबा म्हणाले, "थोबाड दिसत नाई." म्हटलं, तुमी पाहताच कुठं? तेव्हा कुठं मानले.

आता उरले साडेबारा जीबी, म्हणजे 12800 एमबी, दिवस 27. मी नवा कागद काढला तं बाबा म्हणे, राहू दे. त्यांनी मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर कोळशानं आकडा लिहिला, पाळीचा दिवस आला की मोबाईलमधला उरलेला आकडा पाहायचा, दिवसाचे 250 काढून ठेवायचे आणि बाकी उरलेल्या रातींनी भागायचं. माझ्यावाणी एकदाच भागून फ्रेम करून ठेवायचं नाई.

पुढच्या आठवड्यात रातीच्या पाळीला 11 वाजताच लाईनीचा डीपी जळला. बाबा साडेअकराला घरी परत, पाय चिखलाचे, तोंड पडलेलं, अर्धा गहू कोरडा राहिला म्हणून लाईनमनचा उद्धार करत मोरीत गेले. पाय धुता धुता आतूनच ओरडले, "ऐक बे, आज वापरले फक्त 90. उरलेले कितीनं भागू, डीपी कधी बसवतीन ते पाहू का अगोदर?"