ट्रान्सप्लांटनंतर केस गळणे, खपल्या आणि सूज : एका अभिप्रायाला क्लिनिकचे उत्तर

अभिप्राय (दोन तारे) : "कपाळाच्या बाजूला ट्रान्सप्लांट करून सात आठवडे झाले. चौथ्या दिवशी डोळे उघडत नव्हते इतकी सूज. खपल्या पंधरा दिवस तशाच होत्या, कारण डोके धुवायची भीती वाटायची. पाचव्या आठवड्यात लावलेले केस तर गेलेच, शेजारचे माझे स्वतःचेही गळाले. आधीपेक्षा टक्कल जास्त दिसते. पैसे पाण्यात."

क्लिनिकचे उत्तर :

सप्रेम नमस्कार,

रुग्णाची माहिती उघड करता येत नसल्यामुळे आपण स्वतः येथे जेवढे लिहिले आहे, तेवढ्याच्याच आधारे उत्तर देत आहे. आपली काळजी प्रामुख्याने गळालेल्या केसांची आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

ट्रान्सप्लांटमध्ये त्वचेत बसवले जाते ते केसाचे मूळ. त्यातून वर आलेली काडी त्या मुळाबरोबर येते एवढेच. डोक्याच्या मागच्या भागातून ग्राफ्ट म्हणजे मुळासकट केसाचा बारीक तुकडा काढताना त्याचा रक्तपुरवठा तुटतो, नव्या जागी पहिले काही दिवस तो आजूबाजूच्या द्रवावर तग धरतो आणि मग सूक्ष्म रक्तवाहिन्या त्याला जोडल्या जातात. या धक्क्याने बहुतेक मुळे विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि वरची काडी सोडून देतात. हे साधारणपणे दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडते, यालाच शॉक लॉस म्हणतात. मूळ मात्र त्वचेच्या आत शाबूत असते. त्यातून नवा केस बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उगवू लागतो, सुरुवातीला तो बारीक आणि कधी कधी वाकडा असतो, आणि खरा निकाल दिसायला बारा महिने लागतात. त्यामुळे सातव्या आठवड्यात लावलेला भाग रिकामा दिसणे अपेक्षितच आहे.

गळालेल्या केसाच्या टोकाला पांढुरका, कोरडा, टाचणीच्या डोक्याहून लहान गोळा दिसतो, आणि तो पाहून "मूळच निघून आले" असे अनेकांना वाटते. तो विश्रांतीत गेलेल्या कोणत्याही केसाच्या टोकाला असतो, रोज कंगव्यात येणाऱ्या केसालाही असतो. ग्राफ्ट खरोखर निसटला असेल तर ते पहिल्या काही दिवसांत घडते, त्या ठिकाणी ताज्या रक्ताचा थेंब येतो आणि निघालेल्या केसाभोवती ओलसर मांसल आवरण असते. पाचव्या आठवड्यात डोके धुताना किंवा उशीवर घासून ग्राफ्ट निघत नाही, कारण तोपर्यंत तो त्वचेत पूर्ण मुरलेला असतो.

आपल्या शेजारच्या जुन्या केसांविषयी मात्र मी इतक्या खात्रीने बोलणार नाही. विरळ झालेल्या भागात ग्राफ्टसाठी बारीक छेद घेतले जातात, रक्तस्राव कमी व्हावा म्हणून दिलेल्या ॲड्रेनॅलिनने काही काळ रक्तपुरवठा आकसतो आणि वर सूज असते. या सर्वांचा ताण आधीपासून असलेल्या केसांवर येतो आणि त्यांतील काही विश्रांतीत जाऊन गळतात. जो केस जाड आणि सुदृढ होता, तो बहुधा तीन ते सहा महिन्यांत परत येतो. जो आनुवंशिक टक्कलामुळे आधीच बारीक होत चालला होता, तो कदाचित परत येणार नाही. पुढे एक-दोन वर्षांत जाणारच असलेला केस शस्त्रक्रियेच्या ताणाने लवकर जातो, असा त्याचा अर्थ आहे. आपले गळालेले केस यांपैकी कोणत्या प्रकारचे होते, हे लिहून ठरवता येत नाही. डर्मोस्कोप या त्वचा व केस मोठे करून दाखवणाऱ्या उपकरणाखाली उरलेल्या केसांची जाडी पाहिली आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या छायाचित्रांशी ताडून पाहिले, तर बराच अंदाज येतो. उरलेले जुने केस टिकवण्यासाठी मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड घ्यावे का, हाही निर्णय त्याच तपासणीत, त्यांचे दुष्परिणाम समजून घेऊन करायचा असतो. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस आणखी गळू शकतात हे आधीच माहीत असलेले बरे, नाहीतर घाबरून औषध मध्येच थांबवले जाते.

खपल्यांबद्दल आपली भीती मला समजते, पण ती पहिल्या आठवड्यापुरतीच योग्य असते. खपली म्हणजे छेदातून आलेले रक्त आणि द्रव वाळून झालेला थर. पहिले 48 तास आम्ही डोक्यावर फक्त सलाईनचा फवारा मारायला सांगतो. तिसऱ्या दिवसापासून सौम्य शाम्पूचा फेस मगमध्ये तयार करावा, तळहाताने ग्राफ्टवर नुसता ठेवावा, काही मिनिटांनी कोमट पाणी मगने हळूहळू ओतावे आणि शॉवरचा जोर, टॉवेल आणि नखे दूर ठेवावीत. या दिवसांत केस ओढला किंवा चिकटलेली खपली उपटली, तर ग्राफ्ट खरोखर निघू शकतो. नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत मात्र ग्राफ्ट पक्का धरलेला असतो. त्यानंतर फेस दहा मिनिटे डोक्यावर ठेवून खपल्या मऊ कराव्यात आणि बोटांच्या पेरांनी हलकेच गोल फिरवत त्या सोडवाव्यात. दोन-तीन धुण्यांत त्या जातात आणि त्यांत अडकलेले आखूड केसही बरोबर येतात, ते पाहून हात थांबवू नये.

आपल्या खपल्या पंधरा दिवस राहिल्या म्हणून शॉक लॉस झाला, असे नाही. जाड खपलीखाली तेल आणि मळ साचून केसांच्या मुळांशी पुळ्या येण्याची शक्यता मात्र वाढते. आता त्या भागात पुळ्या असतील तर पिळू नयेत, आम्हाला दाखवाव्यात.

सुजेचा संबंध भुलीच्या वेळी डोक्याच्या त्वचेत सोडलेल्या द्रवाशी आहे. तो गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतो, दुसऱ्या दिवसाच्या सुमारास कपाळावर येतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पापण्यांत साचतो आणि आठवड्याभरात शरीर तो शोषून घेते. कपाळालगत काम झाले की डोळे जवळजवळ बंद होण्याइतकी सूज काहींना येते. ती दिसायला भयंकर असते, पण ग्राफ्टला तिचा धोका नसतो. पहिले काही दिवस पाठीमागे उशा लावून अर्धवट बसून झोपणे, खाली न वाकणे आणि ग्राफ्टपासून दूर, भुवयांच्या वर थंड पट्टी ठेवणे यांनी ती कमी राहते. सूज एकाच बाजूला असेल, तो भाग लाल व गरम असेल, दुखणे दिवसेंदिवस वाढत असेल किंवा ताप असेल, तर तो संसर्ग असू शकतो आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते. आपल्या लिहिण्यात यातले काही नाही.

पैसे पाण्यात गेले की नाही, याचा निवाडा सातव्या आठवड्यात मी माझ्या बाजूनेही करणार नाही. बारा महिन्यांनंतर लावलेल्या भागात अपेक्षेपेक्षा स्पष्टपणे कमी केस दिसले, तर त्याचे उत्तर देणे आमचे काम आहे आणि ते आम्ही समोरासमोर बसून देऊ.

तूर्त विनंती अशी की याच आठवड्यात डर्मोस्कोप तपासणीसाठी यावे, तिचे शुल्क घेतले जाणार नाही. येताना डोक्याला तेल किंवा जेल लावू नये, केस आदल्या दिवशी धुतलेले असावेत, आणि गळतीच्या सुरुवातीची मोबाइलमधील छायाचित्रे असतील तर तीही आणावीत. शस्त्रक्रियेपूर्वी काढलेल्या छायाचित्रांच्याच प्रकाशात आणि कोनात पुन्हा छायाचित्रे घेऊ, आणि जुन्या केसांची तुलना त्यानंतर चौथ्या व सहाव्या महिन्यात करू.

आपला,
क्लिनिकचा संचालक आणि शल्यचिकित्सक