कॉपी-पेस्ट केलं तर बिघडलं कुठे? एका कमेंटला उत्तर

मागे मी लिहिलं होतं की एका लेखावरून वेगवेगळ्या सोशल मीडियावर पोस्ट करताना सगळीकडे तेच टाकू नका. त्यावर आलेली कमेंट: "ताई, हे मला पटलं नाही. एकच लेख पाच ठिकाणी वेगळ्या शब्दांत लिहायचा म्हणजे नुसता समानार्थी शब्दांचा खेळ. इन्स्टावरचा माणूस लिंक्डइनवर असतोच असं नाही, मग तोच परिच्छेद सगळीकडे टाकला तर काय बिघडलं? एवढा वेळ आहे कोणाकडे?"

समानार्थी शब्दांबद्दल तुम्ही म्हणताय ते शंभर टक्के खरं आहे. "फोटो सांभाळणं महत्त्वाचं" याचं "छायाचित्रं जपणं गरजेचं" केलं तर हाती काहीच लागत नाही, उलट साधं वाक्य अवघडून बसतं. पण मी शब्द बदलायला सांगतच नाहीये. माझं म्हणणं असं की एका पोस्टमध्ये लेखातला एकच तुकडा घ्या आणि दुसऱ्या पोस्टमध्ये दुसरा घ्या, शब्द मग आपोआप वेगळे होतात.

होतं काय की लेख लिहून झाला की आपण त्याचा सारांश काढतो, मग तोच सारांश एक्ससाठी छोटा, फेसबुकसाठी थोडा मोठा, इन्स्टासाठी इमोजी लावून. प्रत्येक ठिकाणी तेच तीन मुद्दे त्याच क्रमाने येतात, मग शब्द कितीही फिरवा, वाचणाऱ्याला हे आधी वाचलंय असं वाटणारच, कारण रिपीट झालेला असतो तो क्रम. आणि एकच माणूस दोन्हीकडे नसेलही, पण जे आपल्याला मनापासून फॉलो करतात तेच बहुतेक वेळा दोन-तीन ठिकाणी असतात, म्हणजे कंटाळा नेमका त्यांनाच येतो. दुसरं म्हणजे लेखातला परिच्छेद हा मागच्या परिच्छेदावर उभा असतो. तो उचलून दुसरीकडे टाकला की "वर म्हटल्याप्रमाणे" टाइपचे धागे लोंबकळत राहतात.

उदाहरण घेऊ म्हणजे नीट कळेल. समजा दोन हजार शब्दांचा लेख आहे, फोनमधल्या फोटोंचा बॅकअप कसा ठेवायचा यावर. मी आधी लेख बंद करते आणि आठवेल तसे मुद्दे एकेका पूर्ण वाक्यात लिहून काढते. "सिंक या विषयावर" असं नाही, तर "सिंक म्हणजे बॅकअप नाही, कारण इकडे डिलीट केलेलं तिकडूनही जातं" असं. बाकीचे मुद्दे असे निघतील: ३-२-१ नियम, म्हणजे तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. बॅकअप परत उघडून बघितला नसेल तर तो आहे असं धरू नका. आणि मेसेजमधून फोटो म्हणून पाठवलेली कॉपी दबून लहान झालेली असते, ती बॅकअपमध्ये मोजू नका. आता प्रत्येक मुद्द्यापुढे लिहायचं की हा प्रश्न कोणाला पडेल. खरं काम इथेच आहे, बाकी सगळं टायपिंग.

एक्सवर एकच दावा टाकायचा. फुकट अकाउंटला २८० कॅरेक्टर मिळतात, लिंक कितीही लांब असली तरी २३ धरली जाते. आणि मराठीत लिहिताना एक गोष्ट कायम लक्षात ठेवा, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलंत हे सगळे वेगळे मोजले जातात. "प्रश्न" डोळ्याला दोन-तीन अक्षरांचा दिसतो पण मोजणीत सहा भरतो. म्हणून लेखातलं लांब वाक्य कापून बसवण्यापेक्षा नवीन लिहिलेलं बरं पडतं, असं:

"फोटो क्लाउडवर सिंक होतात म्हणजे बॅकअप झाला असं नाही. फोनमधून फोटो उडवा, सिंक चालू असेल तर क्लाउडमधूनही उडतो. बॅकअप म्हणजे इथे डिलीट केलं तरी तिथे राहणारी कॉपी."

हे लिंक धरूनही आरामात बसतं, आणि यात ३-२-१ चं नाव पण नाही बघा. मुद्दामच नाही घेतलं.

३-२-१ जातो इन्स्टावर, कारण तो पायऱ्यापायऱ्यांचा मुद्दा आहे आणि कॅरोसेलमध्ये एका स्लाइडला एक पायरी मस्त बसते. पहिल्या स्लाइडवर "तुमच्या फोटोंच्या आत्ता किती कॉपी आहेत?", मग तीन, मग दोन, मग एक, प्रत्येकी पंधरा-वीस शब्द, बस. तिथे कॅप्शनमधली लिंक क्लिक होत नाही, त्यामुळे "पूर्ण माहिती लेखात" असं लिहून अर्धवट सोडलं तर वाचणारा तिथेच अडकतो. पोस्ट स्वतःपुरती पूर्ण हवी. कॅप्शनची पहिली ओळ-दीड ओळच आधी दिसते, तिथे स्लाइडवरचंच वाक्य परत टाकू नका, तीन कॉपी मोजताना लोक नेमकं काय चुकीचं धरतात ते टाका (मेसेजमधल्या दबलेल्या फोटोंचा मुद्दा इथे छान लागतो).

लिंक्डइनवर वाचणारा माणूस कामाच्या डोक्याने वाचतो, म्हणून तिथे परत उघडून बघण्याचा मुद्दा. सुरुवात अशी: "बॅकअप आहे का विचारलं की टीममधले सगळे हो म्हणतात. शेवटचा रिस्टोअर कोणी आणि कधी करून बघितला असं विचारून बघा." पुढे जबाबदारी कोणाची, कोणती फाइल उघडून बघायची, हे दोन-तीन परिच्छेदांत. हे लेखात दोन ओळींत असेल, इथे ते वाढतं. म्हणजे पोस्ट लेखापेक्षा छोटीच हवी असं काही नाही, एका मुद्द्यापुरती ती लेखापेक्षा मोठी असू शकते, आणि मला वाटतं तशीच पोस्ट जास्त कामाची असते.

आता काही गोष्टी मात्र अजिबात बदलायच्या नाहीत. नियमाचं नाव, आकडे, आणि सिंक, बॅकअप असे ठरलेले शब्द. एकीकडे "सिंक" आणि दुसरीकडे "जुळवणी" लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेगळेपणाच्या नादात अर्थ हलला तर त्यापेक्षा तुमचं कॉपी-पेस्ट परवडलं.

रिपीट होतंय का हे तपासायला मी दोन गोष्टी करते. सगळ्या पोस्टच्या पहिल्या ओळी एकाखाली एक एका नोटमध्ये टाकते, दोन ओळी एकाच प्रश्नाने सुरू होत असतील तर एक बदलते. आणि पोस्टमधले सलग पाच-सहा शब्द उचलून लेखात Ctrl+F मारते. सापडले तर समजायचं की लेख समोर उघडा ठेवून लिहिलंय. व्याख्या किंवा नियम तसाच सापडला तर राहू द्यायचा, ते रिपीट होणं योग्यच आहे.

वेळेचं म्हणाल तर पाच ठिकाणी लिहायलाच हवं असं कुठे आहे. काही लेख तुटतच नाहीत, एकच युक्तिवाद पहिल्यापासून शेवटपर्यंत ओढत नेलेला असतो, त्याचा मधला तुकडा एकटा उभा राहत नाही. अशा लेखाची एक पोस्ट करायची आणि लिंक द्यायची. मुद्द्यांच्या यादीत दोनच वाक्यं निघाली तर पोस्टही दोनच. आणि कोणता मुद्दा कुठे टाकला ते त्या यादीतच पोस्टच्या लिंकसकट लिहून ठेवा, कारण उद्या एखादी माहिती जुनी झाली तर लेख दुरुस्त होतो आणि चार ठिकाणच्या पोस्ट चुकीचं सांगत बसतात, तेव्हा शोधत फिरण्यात वेळ जातो तो लिहिण्यापेक्षा जास्त.