प्रिंटर एका कॉम्प्युटरला, अन् शून्य केलं पाचही कॉम्प्युटरवर!

संध्याकाळपासून डोकं गरम आहे. लिहून टाकतो, तेव्हाच झोप लागेल.

शेजारच्या तालुक्यात आपला एक मित्र पतसंस्थेत कॅशियर आहे. त्यांच्याकडं मॅनेजरसाठी विंडोज ११ चं नवीन कॉम्प्युटर आलं. प्रिंटरची यूएसबी वायर त्याला लावली, प्रिंटर शेअर केला. काउंटरवरची दोन जुनी विंडोज ७ ची मशिनं त्याला जोडायला गेले, तर स्क्रीनवर `0x0000011b`. टेक्निशियन आला, वीस मिनिटांत "झालं" म्हणाला, आठशे रुपये घेऊन गेला. मित्रानं मला खुशीत फोन केला. मी विचारलं, काय केलं रे त्यानं? तर म्हणाला, "पाचही कॉम्प्युटरला काहीतरी शून्य टाकलं आन् अपडेट कायमचं बंद करून दिलं. म्हणला, आता कव्हाच त्रास नाही."

मला काही सुचेचना. गावातल्या लोकांच्या ठेवींची खाती ज्या मशिनींवर आहेत, त्या पाचही मशिनींची कुलपं काढून हा माणूस आठशे रुपये घेऊन गेला. आणि आपण त्याला चहा पाजला.

या 11b शी माझा जुना हिशोब आहे. २०२१ चा सप्टेंबर. आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात चार कॉम्प्युटर आणि एकच लेझर प्रिंटर. तो मोठ्या बाबूंच्या विंडोज १० ला यूएसबीनं जोडलेला, बाकी आम्ही तिघं शेअरिंगवर. माझं मशिन विंडोज ७. मायक्रोसॉफ्टचं ते अपडेट १४ सप्टेंबरला आलं. मोठ्या बाबूंनी गुरुवारी संध्याकाळी जाताना 'Update and shut down' दाबलं. शुक्रवारी मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, रविवारी गणपतीचं विसर्जन. प्रिंट काढायची वेळ आली ती सोमवारी, २० तारखेला.

सोमवारी सकाळी दारात एक बाप उभा. बावीस किलोमीटरवरून एसटीनं आलेला, पोरीची टीसी न्यायला. पॉलिटेक्निकला नंबर लागला होता तिचा. अर्ज खताच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये चार घड्या घालून आणलेला, पावसात भिजू नये म्हणून. सोयाबीन काढणीचे दिवस, म्हणजे रोज बुडवून आलेला माणूस. मी टीसी भरली, प्रिंट दिली. निघाली नाही. पुन्हा दिली. नाहीच. आमचं टीसीचं सॉफ्टवेअर जुनं, ते थेट प्रिंटरलाच पाठवतं, पेनड्राइव्हवर नेऊन दुसरीकडं काढायची सोय त्यात नाही.

मग सगळे करतात तेच मी केलं. कार्ट्रिज काढून हलवली, वायर बदलली, चारही मशिनं बंद-चालू केली. शेवटी माझ्या मशिनवरून प्रिंटर काढून टाकला आणि नव्यानं जोडायला गेलो, तेव्हा कुठं तो नंबर दिसला. तोपर्यंत दुपारचे तीन वाजलेले. तो माणूस व्हरांड्यात लिंबाच्या सावलीत बसलेला. मी बाहेर जाऊन सांगितलं, आज होत नाही. तर मलाच म्हणतो कसा, "मिशीनच हाय सर, तिला काय बोलावं. उद्या येतो." शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी कोणी चार वाक्यं नीट सांगितली असती तर ते सहा तास वाया गेले नसते. म्हणून आज सांगतो.

मोठ्या बाबूंच्या मशिनवरून टेस्ट पेज निघत होतं. म्हणजे प्रिंटर, कार्ट्रिज, वायर, सगळं ठीक. माझ्या मशिनवरून त्यांचं शेअर केलेलं फोल्डर उघडत होतं. म्हणजे नेटवर्क ठीक, पासवर्डही ठीक. एवढं चालत असताना फक्त प्रिंटर जोडताना 11b येत असेल, तर दोन मशिनींचं बोलणं कुठल्या पद्धतीनं व्हावं यावर अडलंय, हे ओळखायचं. कार्ट्रिजला हात लावायचा नाही.

अडतं ते असं. शेअर प्रिंटरला काम पाठवताना तुमचं मशिन दुसऱ्या मशिनच्या स्पूलरशी बोलतं. स्पूलर म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारा विंडोजचा भाग, आणि त्याला मशिनवर जवळजवळ मालकाइतके अधिकार असतात. हे बोलणं पूर्वी उघड्या पोस्टकार्डासारखं जायचं. त्याच नेटवर्कवर बसलेला कोणीही मध्ये घुसून, दुसऱ्याच्या नावानं त्या स्पूलरकडून हवं ते करून घेऊ शकत होता. या भोकाचा नंबर `CVE-2021-1678`. मायक्रोसॉफ्टनं ते दोन टप्प्यांत बुजवलं. १२ जानेवारी २०२१ च्या अपडेटनं बंद पाकिटात बोलायची सोय आली, पण सक्ती नव्हती. १४ सप्टेंबरच्या अपडेटनं सक्ती झाली: पाकिटात न आलेली मागणी प्रिंटरवालं मशिन परत लावणार.

आता माझं विंडोज ७ बघा. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलेला. जादा पैसे भरून पुढची अपडेट मिळत होती, ती आमच्या कॉलेजनं कुठून घ्यावी? त्यामुळं माझं मशिन पोस्टकार्डच पाठवत राहिलं आणि मोठ्या बाबूंचं मशिन ते नाकारत राहिलं. परीक्षा विभागाचं मशिन विंडोज १० होतं, पण कोणीतरी २०२० पासून त्याचं अपडेट बंद करून ठेवलेलं, म्हणून तेही अडलं. ते चालू करून रात्रभर सोडलं आणि दुसऱ्या दिवशी ते निमूट प्रिंट देऊ लागलं. तिथं शून्य-बिन्य काही करावं लागलं नाही.

हां, मायक्रोसॉफ्टची बाजू मी घेत नाही. दोन्हीकडं अपडेट असूनही काही ठिकाणी प्रिंटिंग अडलं, त्यांनी तेही पुढं कबूल केलं. आणि `0x0000011b` एवढंच लिहून तालुक्याच्या ऑफिसातल्या बाबूनं काय समजायचं? "समोरचं मशिन जुनं आहे" एवढं एक वाक्य लिहायला काय जात होतं?

पुढचं सांगतो, कारण मित्राच्या त्या टेक्निशियनचं आणि माझं इथं जुळतं. सोमवारी चार वाजता मीही एकाला फोन लावला. तो म्हणाला, अपडेट उडवा. मोठ्या बाबूंच्या मशिनवर हे चालवलं:

```
wusa /uninstall /kb:5005565
```

मंगळवारी सकाळी टीसी निघाली. तो बाप आला, दुसरा रोज बुडवून. कागद छातीशी धरून गेला. गुरुवारी तेच अपडेट आपोआप परत बसलं आणि प्रिंटर पुन्हा बंद. मग मोठ्या बाबूंच्या मशिनवर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, `RpcAuthnLevelPrivacyEnabled` ला शून्य टाकलं, म्हणजे पाकिटाची सक्तीच बंद केली, स्पूलर बंद करून चालू केला, आणि चाललं. मान्य आहे, मीही शून्य केलं. दारात माणूस उभा असताना दुसरं काय करणार? एक दिवस, आठ दिवस, मी कोणाला नावं ठेवणार नाही.

पण ते शून्य आमच्याकडं दोन वर्षं तसंच राहिलं, ते मला आजही टोचतं.

आणि माझ्या त्या मित्राच्या टेक्निशियननं तर पाचही मशिनींवर केलं. कामून? मागणी नाकारतं ते प्रिंटर जोडलेलं मशिन. शून्याचा उपयोग फक्त तिथंच. बाकी चार मशिनींना प्रिंटरच नाही, तिथं शून्य टाकून एकही कागद जादा निघत नाही, फक्त चार दारं उघडी राहतात. वर अपडेट बंद! याच स्पूलरमध्ये जुलै २०२१ ला प्रिंटनाइटमेअर नावाचं मोठं भोक सापडलं होतं. तसलं उद्या नवीन निघालं तर बुजवणार कसं?

आपल्या ऑफिसात कोणी शून्य करून गेलंय का, ते बघायला अर्धा मिनिट लागतो. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि हे टाका:

```
reg query "HKLM\System\CurrentControlSet\Control\Print" /v RpcAuthnLevelPrivacyEnabled
```

उत्तरात `0x0` दिसलं तर दार उघडं आहे. अशी नोंदच सापडत नाही असं आलं, तर अपडेट झालेल्या मशिनवर सक्ती चालू आहे, काळजी नको. शून्य काढायचं असेल तर:

```
reg delete "HKLM\System\CurrentControlSet\Control\Print" /v RpcAuthnLevelPrivacyEnabled /f
net stop spooler
net start spooler
```

"मग आमच्या विंडोज ७ नं प्रिंट द्यायची कशी?" बरोबर प्रश्न आहे. मशिन बदला म्हणणं सोपं असतं, बिल मंजूर कोण करतं ते मला माहीत आहे. आम्ही पुढं हे केलं: जुन्या मशिनवर आधी प्रिंटरचा ड्रायव्हर टाकला. मग शेअर प्रिंटर न शोधता लोकल प्रिंटर जोडायचा पर्याय घेतला, 'Create a new port' मध्ये 'Local Port' निवडला आणि नावाच्या जागी `\\KARYALAY\PRINTER1` असा प्रिंटरवाल्या मशिनचा आणि शेअरचा पत्ता लिहिला. कागद फायलीसारखा तिकडं जातो आणि 11b चा अडसर मध्ये येत नाही. खोट एकच, कागद संपला की अडकला हे आपल्या स्क्रीनवर कळत नाही, उठून बघावं लागतं. आमच्या ऑफिसात ते बारा पावलांवर आहे, चालतं.

प्रिंटरला लॅनचं पोर्ट असेल तर मात्र शेअरिंगच्या भानगडीतच पडू नका. वायर नेटवर्कच्या स्विचला लावा, प्रिंटरला एक ठरलेला आयपी पत्ता द्या, आणि प्रत्येक मशिनवर 'Standard TCP/IP Port' घेऊन तोच पत्ता टाका. मध्ये दुसऱ्याचा स्पूलर राहतच नाही. मॅनेजर रजेवर असला, त्याचं मशिन बंद असलं, तरी काउंटरवर पावती निघते.

मघाशी मित्राला पुन्हा फोन केला. रागानं बोललो असेन, त्याची काय चूक? तोही काउंटरवर उभ्या माणसांची तोंडं बघत होता. त्याला म्हटलं, प्रिंटरच्या पाठीमागचा फोटो पाठव. आत्ता आला. यूएसबीच्या शेजारी लॅनचं चौकोनी पोर्ट आहे, आणि त्यावरचं कंपनीचं प्लास्टिकचं टोपण अजून काढलेलंसुद्धा नाही.

उद्या रविवार. पंधरा मीटर वायर आणि क्रिम्पिंगचा पाना पिशवीत टाकलाय, सातच्या एसटीनं निघतो.